हिरवी शी: एक ताटातली, एक घाईतली

मी तालुक्याच्या गावी फॅमिली डॉक्टर आहे. हे प्रकरण एका डिसेंबरमधलं आहे. घरातल्या माणसांची ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घडलेला क्रम आणि माझी चूक मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

पार्श्वभूमी

सोमवारी सकाळी ६२ वर्षांच्या काकू आल्या. बरोबर सूनही होती. काकूंना सांगायला संकोच वाटत होता, म्हणून सुनेनेच सांगितलं, "डॉक्टर, आईंना आठवडाभर हिरवीगार संडास होतेय. पोट दुखत नाही, ताप नाही. पण रंग बघून त्या घाबरल्यात."

महिन्यापूर्वी गावातल्या एका आरोग्य शिबिरात काकूंचं हिमोग्लोबिन ९.६ निघालं होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी रोज सकाळी एक पेलाभर कच्च्या पालकाचा रस घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी जवळजवळ अख्खी जुडी लागायची. शिवाय हिवाळा होता, बाजार पालेभाज्यांनी भरलेला. दुपारी चाकवत, रात्री मेथी, मध्येच हरभऱ्याची कोवळी पानं. संडास दिवसातून एकदाच, बांधलेली, जोर न लावता होणारी. वजन घटलेलं नव्हतं, भूक चांगली होती.

एवढं ऐकल्यावर कारण समोर होतं. पानाला हिरवा रंग देणारं हरितद्रव्य आपलं शरीर फारसं शोषून घेत नाही. पालक शिजवला की त्याचा तजेलदार हिरवा रंग शेवाळी होतो, हे प्रत्येक स्वयंपाकघरात दिसतं. हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं, ते उष्णतेने आणि आंबटपणाने निघून जातं. जठरातल्या आम्लातही तेच होतं. एखादी वाटी भाजी खाल्ली तर हा शेवाळी रंग विष्ठेच्या तपकिरी रंगात लपून जातो. रोज जुडीभर रस आणि वर दोन वेळा पालेभाजी असेल, तर तो लपत नाही.

मी काकूंना तसं समजावलं आणि एक घरगुती तपासणी सांगितली. रात्रीच्या जेवणात मक्याचे दाणे खायचे, वेळ लिहून ठेवायची आणि दाणे संडासात कधी दिसतात ते बघायचं. दाण्याची साल पचत नाही, त्यामुळे अन्नाला तोंडापासून शेवटपर्यंत जायला किती वेळ लागतो, त्याचा ढोबळ अंदाज येतो. रस तूर्त बंद करायला सांगितला. त्या जाताना म्हणाल्या, "म्हणजे काही नाही ना?" मी म्हणालो, "काही नाही, काकू. ताटातलाच रंग आहे."

एक प्रश्न मात्र विचारायचा राहून गेला. त्याकडे पुढे येतो.

अडचण

बुधवारी संध्याकाळी सातच्या सुमारास सुनेचा फोन आला. सुरुवातीला तिने मक्याचा हिशोब सांगितला. सोमवारी रात्री आठला खाल्लेले दाणे बुधवारी सकाळी सहाला दिसले, म्हणजे ३४ तास. मला बरं वाटलं. अन्नाचा प्रवास नेहमीच्या वेगाने चालला होता, म्हणजे हिरवा रंग अन्न घाईने पुढे सरकल्यामुळे नव्हता, ताटातलाच होता.

मग ती म्हणाली, "आणि डॉक्टर, छकुलीलाही आजीसारखीच हिरवी शी होतेय आजपासून. जरा पातळ आहे. दुपारी एकला गाजराची कोशिंबीर खाल्ली होती, त्याचा कीस पाच वाजता तसाच पडला."

छकुली म्हणजे सव्वादोन वर्षांची नात. मी विचारलं, "तिनेही पालक खाल्ला का?" तिने सकाळी अर्धा पालक पराठा खाल्ल्याचं सांगितलं. मी म्हणालो, "मग काळजी नको, तेच कारण आहे."

गुरुवारी सकाळी नऊला ते तिला कडेवर घेऊन दवाखान्यात आले. रात्रभरात आठ वेळा पाण्यासारखी हिरवी शी, तीन उलट्या. शेवटची लघवी पहाटे तीनला, तीही थोडीशी. मुलगी किरकिर करत होती आणि पेला दिसला की झडप घालत होती. डोळे थोडे खोल गेलेले. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू परत बसत होती. पंधरवड्यापूर्वी सर्दीसाठी आली तेव्हा वजन १०.६ किलो लिहिलेलं होतं, आज १० किलो भरलं. म्हणजे सहाशे ग्रॅम पाणी शरीरातून गेलं होतं, वजनाच्या साधारण ६ टक्के.

आजीची आणि नातीची शी एकाच रंगाची होती, पण दोघींच्या पोटात घडत असलेल्या गोष्टी अगदी वेगळ्या होत्या. फोनवर ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुपारी एकला खाल्लेलं गाजर पाचला बाहेर पडलं होतं. लहान मुलांच्या शीत गाजराचे तुकडे दिसणं नेहमीचंच, त्याने घाबरायचं कारण नाही. पण इथे वेळ सांगितली होती: चार तास. आजीच्या मक्याला ३४ तास लागले होते आणि हे दोन्ही आकडे त्या माउलीने मला एकाच फोनवर दिले होते. मी त्यातला एकच ऐकला.

पाण्यासारखी शी हिरवी का दिसते

आपल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की आतल्या रक्तरंगापासून आधी एक हिरवं द्रव्य बनतं, त्याला बिलिव्हर्डिन म्हणतात. त्यापासून पुढे पिवळं बिलिरुबिन होतं. मुका मार लागल्यावर कातडीवरचा काळानिळा डाग काही दिवसांनी हिरवट आणि मग पिवळा होतो, तो याच क्रमाने. यकृत हे बिलिरुबिन पित्तातून आतड्यात सोडतं. पित्ताशयात साठलेलं पित्त हिरवट असतं. रिकाम्या पोटी जोराच्या उलट्या झाल्या की शेवटी जे कडू हिरवं-पिवळं पाणी पडतं, ते हेच.

म्हणजे लहान आतड्यात उतरताना आपल्या सर्वांच्याच अन्नात पिवळा-हिरवा रंग मिसळतो. तो तपकिरी करण्याचं काम मुख्यतः मोठ्या आतड्यातले जिवाणू करतात. ते बिलिरुबिनपासून एक रंगहीन पदार्थ बनवतात आणि त्यापासून पुढे तपकिरी स्टर्कोबिलिन तयार होतं. यातलं पहिलं पाऊल ज्या एन्झाइममुळे पडतं, ते नेमकं ओळखलं गेलं २०२४ साली. त्याला बिलिरुबिन रिडक्टेज असं नाव दिलं गेलं. तान्ह्या बाळांच्या आतड्यात पहिल्या काही महिन्यांत ते अनेकदा नसतं किंवा कमी असतं. त्या वयात शी पिवळी-हिरवी असण्यामागचं हे एक कारण म्हणता येईल.

या कामाला वेळ लागतो. अन्नाला लहान आतडं ओलांडायला काही तास पुरतात, मोठ्या आतड्यात मात्र ते सहज एक-दोन दिवस राहतं आणि रंग तिथेच बदलतो. जुलाबात आतडं पाणी सोडतं आणि सगळं घाईने पुढे ढकलतं. पित्त आलं त्याच रंगात बाहेर पडतं. छकुलीच्या शीतला हिरवा रंग पालक पराठ्याचा नव्हताच, असं मी म्हणणार नाही, थोडा असेलही. पण रात्री आठव्या वेळी जे हिरवं पाणी पडलं, त्यात पराठ्याचा अंशही उरला नसणार. ते पित्त होतं.

घरातल्या मोठ्यांचं म्हणणं वेगळं होतं: "दात येतायत" आणि "थंडी बाधलीय". हिरव्या शीला दात किंवा थंडी कारण धरायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे. त्यातला धोका एवढाच, की कारण सापडल्यासारखं वाटतं आणि पाण्याकडे दुर्लक्ष होतं. मी पालकाचं नाव घेतलं, त्यातही हेच झालं होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अँटिबायोटिकचा होता. घरच्यांनी बुधवारी रात्रीच आधीच्या आजारपणातलं उरलेलं सिरप एक चमचा दिलं होतं. "हिरवी म्हणजे पोटात जंतू," असं शेजारणीने सांगितलं होतं. ते चालू ठेवायचं का? शीत रक्त नव्हतं, आव नव्हती, ताप नव्हता. हिवाळ्यात या वयात असे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर या औषधाचा काहीच उपयोग नसतो. उलट जे जिवाणू पित्ताचा रंग बदलतात, तेच या औषधाने कमी होतात. त्यामुळे शी आणखी काही दिवस हिरवी राहू शकते आणि घरचे म्हणतात, जंतू अजून गेले नाहीत, डोस वाढवा. औषध थांबवायचं ठरवलं.

दुसरा पर्याय शी तपासायला पाठवण्याचा. रक्त किंवा आव असती, तर पाठवली असती. इथे अहवाल काहीही आला तरी माझे उपचार बदलणार नव्हते, म्हणून पाठवली नाही.

तिसरा प्रश्न सलाईनचा. वडिलांचा आग्रह होता, "लावून टाका, लवकर बरी होईल." मुलगी शुद्धीवर होती, तहानलेली होती, पिऊ शकत होती. सुस्त पडली असती, पिता आलं नसतं, चिमटीतली कातडी दोन सेकंदांहून जास्त वर राहिली असती, तर मी लगेच सलाईन लावून पुढे पाठवलं असतं. तशी स्थिती नव्हती. तोंडाने पाणी भरून काढायचं, पण घरी न पाठवता माझ्या डोळ्यांसमोर, असं ठरवलं.

काय केलं

ओआरएसचं एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्ध्या लिटरमध्ये नाही आणि चवीला साखरही वाढवायची नाही. दाट झालं की तेच आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. किलोमागे ७५ मिलिलिटर या हिशोबाने १० किलोच्या मुलीला चार तासांत ७५० मिलिलिटर द्यायचं होतं. तहानलेलं पोर पेला तोंडाला लावून गटागट पितं आणि ओकतं, म्हणून चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटाला एक. पहिल्या तासात एकदा उलटी झाली. दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश सुरू केलं. आई थकली की आजी, आजी थकली की बाबा, असं आळीपाळीने.

एक वाजेपर्यंत पेलाभर सोडून सगळं पोटात गेलं होतं. साडेबाराला लघवी झाली. कातडी लगेच परत बसायला लागली आणि मुलीने टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढला. वजन १०.५.

घरी जाताना सांगितलं ते असं: प्रत्येक पातळ शीनंतर अर्धी ते एक वाटी ओआरएस. अन्न थांबवायचं नाही. वरणभात, दही-भात, केळं, खिचडी, जे मागेल ते थोडं थोडं. (आईने बुधवार रात्रीपासून फक्त साबुदाण्याची पेज दिली होती आणि दूध बंद केलं होतं.) झिंक २० मिलिग्रॅम रोज एकदा, १४ दिवस, जुलाब आधी थांबले तरी. आणि एक कागद: शी किती वेळा, लघवी किती वेळा, एवढंच लिहायचं. रंगाचा रकाना मी मुद्दाम ठेवला नाही.

परिणाम

गुरुवारी दिवसभरात आणखी पाच, शुक्रवारी पाच, शनिवारी तीन, रविवारी दोन. शनिवारी सकाळी आईचा फोन आला, आवाजात भीती होती: "अजून हिरवीच आहे, औषध बदलायचं का?" या वेळी मी कागदावरचे आकडे विचारले. लघवी पाच वेळा, खाणं निम्म्याहून जास्त, अंगणात खेळते आहे, शी घट्ट होऊ लागली आहे. काहीच बदललं नाही. रंग नेहमी मागून येतो. आतड्याचा वेग आधी उतरतो, जिवाणूंचं काम त्यानंतर पूर्ववत होतं. रविवारी शी पिवळट हिरवी झाली, मंगळवारी तपकिरी.

आजीचं प्रकरण मात्र सरळ सुटलं नाही. आठवड्याने काकू आल्या तेव्हा रस बंद होऊन सात दिवस झाले होते. ३४ तासांचा प्रवास धरला, तर तीन-चार दिवसांत पालकाचा रंग निघून जायला हवा होता. हिरवेगारपणा गेला होता, पण उरलेला रंग तपकिरी नव्हता, काळपट हिरवा होता. तेव्हा मी सोमवारी राहिलेला प्रश्न विचारला: "काकू, गोळ्या कोणत्या घेता?" त्यांनी पिशवीतून दोन पाकिटं काढली. एक शिबिरात मिळालेल्या लोहाच्या गोळ्यांचं. दुसरं गुडघेदुखीच्या वेदनाशामक गोळ्यांचं, दुकानातून परस्पर आणलेलं, सहा महिने अधूनमधून चालू.

लोहाच्या गोळीतलं बरंचसं लोह न शोषता पुढे जातं आणि विष्ठा काळपट हिरवी करतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण वेदनाशामकामुळे जठरातून रक्त गेलं, तरी विष्ठा काळी होते, आणि हिमोग्लोबिन तर ९.६ होतं. या दोन काळ्यांत फरक ओळखता येतो. लोहाची शी बांधलेली, पाण्यात धुऊन जाणारी, वास नेहमीचा. रक्ताची डांबरासारखी चिकट, चकचकीत, भांड्याला धरून बसणारी, आणि वास इतका उग्र की एकदा घेतला की विसरत नाही. काकूंची पहिल्या प्रकारची होती. तरी या वयात हिमोग्लोबिन का उतरलं, हे शोधणं भागच होतं.

विष्ठेतलं लपलेलं रक्त तपासलं, नाही निघालं. त्यावर मी थांबलो नाही, कारण आमच्या लॅबमध्ये होणारी तपासणी मानवी हिमोग्लोबिन ओळखते. पालक किंवा लोहाने ती फसत नाही, पण जठरातलं रक्त वाटेतच पचून जातं आणि ती चुकवते. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन कमी निघालं. जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीने तपासणी झाली, जठरात वरवरच्या जखमा दिसल्या. वेदनाशामक बंद केलं, आम्ल कमी करणारी गोळी दिली, लोह चालू ठेवलं. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झालं. पालकाचा रस पुन्हा सुरू केला नाही: शंभर ग्रॅम पालकात जेमतेम अडीच-तीन मिलिग्रॅम लोह असतं, त्यातलंही थोडंच अंगी लागतं, आणि रोजच्या कच्च्या रसातलं ऑक्झॅलेट मूतखड्याला निमंत्रण देतं. भाजी म्हणून पालक त्या खातातच.

काय वेगळं करता आलं असतं

बुधवारचा फोन. आजीचं कोडं सुटल्याचं समाधान माझ्या डोक्यात होतं आणि "आजीसारखीच" हा शब्द मी कारण म्हणून स्वीकारला, तो फक्त रंगाबद्दल होता. "किती वेळा झाली, लघवी कधी झाली, पिते का," हे तीन प्रश्न विचारले असते, तर ओआरएस त्याच रात्री सुरू झालं असतं आणि बहुधा गुरुवारची सकाळ आलीच नसती. पालकाबद्दल विचारणं चूक नव्हतं, ते पहिलं विचारणं चूक होतं.

काकूंच्या बाबतीत, पालकाचं कारण इतकं पटणारं होतं की मी पुढे विचारलंच नाही. एका रंगाला दोन कारणं असू शकतात. रस बंद केल्यावर किती दिवसांनी रंग जायला हवा, हे मी सोमवारीच सांगून ठेवलं असतं, तर त्या आठवडाभर थांबल्या नसत्या. आता मी पालेभाजीचं कारण सांगितलं की पुढे जोडतो: तीन-चार दिवस भाजी बंद ठेवा, तरी तपकिरी झाली नाही तर सगळ्या गोळ्या पिशवीत घालून या.

फोनवर रंग सांगणाऱ्याला रंगावरून लगेच बोलवायचं असे तीनच रंग मी धरतो. डांबरासारखा काळा, ताजा लाल, आणि भिजवलेल्या मातीसारखा फिका पांढरट. या शेवटच्यात पित्त आतड्यात पोचतच नसतं, म्हणून तो हिरव्याच्या नेमका उलटा आहे, आणि तान्ह्या बाळात तो दिसला तर मी एक दिवसही थांबत नाही. हिरवा रंग ऐकला की मी रंगाचं बोलणं तिथेच सोडतो आणि लघवी कधी झाली ते विचारतो.